टॉवेल रॉड प्लगसकट निघाला, आता काय?

नाशिकरोडला फ्लॅट आहे. बाथरूममधला टॉवेल रॉड प्लगसकट बाहेर आला, भोक सैल झालंय. एम-सील भरून तोच प्लग ठोकू का?

तोच नको. निघालेला प्लग मोजा. 25-30 मिमी भरला तर तो टाइल आणि मागच्या मसाल्यातच होता, विटेपर्यंत पोचलाच नाही. 8 मिमीच्या बिटने भोक 65 मिमी खोल करा. टाइल पार होईपर्यंत हॅमर बंदच. भुकटी फुंकून, ब्रशने साफ काढा, नाहीतर इपॉक्सी भिंतीऐवजी धुळीला चिकटतं. भोक कोरडं हवं. मग 8 × 50 च्या नायलॉन प्लगला बाहेरून इपॉक्सी लावा आणि टाइलच्या 5 मिमी आत दाबा. टाइलमध्येच फुगला तर ती तडकते. 24 तासांनी 5 × 60 चा स्टेनलेस स्क्रू हातानेच आवळा. घाई केलीत तर प्लग स्क्रूबरोबर गरगर फिरेल.