बोअरची मोटर वॉरंटीत गेली, कंपनीला पत्र कसं लिहू?

प्रश्न: सबमर्सिबल मोटर 8 महिन्यांत बंद पडली, डीलर हात वर करतोय. कंपनीला काय लिहू?

उत्तर: सगळ्यात आधी, गावातल्या रिवायंडिंगवाल्याकडं मोटर खोलू नका, खोलली की कंपनी तेवढंच धरून बसते. आमची तासगावच्या द्राक्षबागेतली अशीच गेलेली.

पत्रात 'मोटर खराब आहे' एवढंच लिहून उपयोग नाही, काय दिसलं ते लिहा. मी लिहिलेलं असं: "12 मार्चला सकाळी स्टार्टर चालू केल्यावर दोन मिनिटांत ट्रिप झाला, परत चालू केला तर लगेच ट्रिप. वायरमनने केबल सोडून तपासली, केबल ठीक आहे, मोटरची वायंडिंग अर्थ दाखवते." त्याखाली मॉडेल, एचपी, नेमप्लेटवरचा सिरियल नंबर, बिल नंबर, तारीख आणि डीलरचं नाव. सिरियल नंबर बिलावरचा आणि प्लेटवरचा जुळतोय का ते आधी बघा, आमच्यात एक आकडा चुकलेला, त्यातच आठवडा गेला.

कंपनी हमखास म्हणणार की एक फेज गेली म्हणून जळली किंवा पाण्याविना चालली. म्हणून पॅनेलमधल्या सिंगल फेज प्रिव्हेंटरचा फोटो जोडा, बोअरला पाणी किती फुटांवर आहे तेपण लिहा.

शेवटी मागणी सरळ: "15 दिवसांत मोफत दुरुस्ती करा नाहीतर बदलून द्या, क्लेम नाकारला तर कारण लेखी द्या." स्पीड पोस्टानं पाठवा, पावती जपा. मूळ बिल देऊ नका हां, झेरॉक्सच. तरी हलले नाहीत तर ग्राहक हेल्पलाईन 1915.