टोकाला उभी राहणारी स्पर्शिका

प्रश्न: sin⁻¹x चा डोमेन [−1, 1] आहे, मग त्याच्या डेरिव्हेटिव्हपुढे पुस्तकात (−1, 1) का लिहितात? टोकाला एका बाजूनं डेरिव्हेटिव्ह काढता येतं ना? क्लासमध्ये विचारलं तर "छेदात शून्य येतं" एवढंच उत्तर मिळालं. ते पटत नाही.

उत्तर:

न पटणं योग्यच आहे. मी साताऱ्यात बारावीच्या मुलांना गणित शिकवते आणि "छेदात शून्य" हे कारण उत्तरपत्रिकेत दिसलं की त्याखाली लाल रेघ ओढते, कारण त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

सूत्र येतं कुठून ते बघा. y = sin⁻¹x म्हणजे sin y = x. दोन्ही बाजूंचं डेरिव्हेटिव्ह घेतलं की cos y · dy/dx = 1 मिळतं आणि मग आपण cos y नं भागतो. x = 1 असताना y = π/2, म्हणजे cos y = 0. तिथे भागायची परवानगीच नाही. शिवाय ही सगळी रीत dy/dx आहे असं आधीच धरून चालते. तेव्हा 1/√(1−x²) हे सूत्र टोकाबद्दल "हो"ही म्हणत नाही आणि "नाही"ही म्हणत नाही. टोकाचं उत्तर हवं असेल तर व्याख्येकडेच जावं लागतं.

इंटरव्हलचं टोक असणं हीसुद्धा अडचण नाही. [0, 1] वर x² घ्या. x = 1 च्या उजवीकडे फंक्शनच नाही, म्हणून फक्त डावीकडून बघायचं: (1 − (1−h)²)/h = 2 − h, आणि h शून्याकडे गेला की उत्तर 2. क्लोज्ड इंटरव्हलवर डेरिव्हेटिव्ह आहे असं म्हणतात तेव्हा टोकाला ही एका बाजूची लिमिटच अभिप्रेत असते. (काही पुस्तकं डेरिव्हेटिव्हची व्याख्या फक्त आतल्या बिंदूंसाठी करतात. ती निव्वळ व्याख्येची निवड झाली, तुमच्या शंकेचं उत्तर त्यात नाही.)

आता sin⁻¹x साठी हेच करू. h धन घ्या आणि x = 1 ला डावीकडचं गुणोत्तर लिहा:

[sin⁻¹(1) − sin⁻¹(1−h)] / h

वरच्या फरकाला θ म्हणा. मग sin⁻¹(1−h) = π/2 − θ, म्हणून 1 − h = sin(π/2 − θ) = cos θ, म्हणजे h = 1 − cos θ = 2 sin²(θ/2). गुणोत्तर झालं θ / (2 sin²(θ/2)). θ लहान असताना sin(θ/2) जवळपास θ/2 असतो, म्हणून छेद जवळपास θ²/2 आणि गुणोत्तर जवळपास 2/θ. θ शून्याकडे जातो तसं हे कुठलीही मर्यादा ओलांडून वाढत जातं.

सगळं मर्म आहे h ≈ θ²/2 यात, म्हणजेच θ ≈ √(2h) यात. x नं टोकापासून h इतकं मागं सरकावं आणि कोनानं मात्र √(2h) इतकं, म्हणजे त्याहून खूप जास्त. h ०.०१ घेतला तर गुणोत्तर १४.१५ येतं, ०.०००१ घेतला तर १४१.४२. h शंभर पटीनं लहान केला की चढ दहा पटीनं वाढतो. कॅल्क्युलेटर रेडियनवर ठेवून स्वतः करून बघा, डिग्रीवर राहिला तर हे आकडे येणार नाहीत.

सांत लिमिट नाही, म्हणून डेरिव्हेटिव्ह नाही. हे झालं खरं कारण. पण लिमिट नुसती "नाही" असं नव्हे, ती +∞ आहे. टोकातून जाणाऱ्या छेदिका एकेक करत उभ्या होत जातात आणि x = 1 ही उभी रेषा तिथली स्पर्शिका ठरते. sin⁻¹x विषम फंक्शन आहे, त्यामुळे x = −1 लाही तसंच. आकृतीत हे लगेच दिसतं. π/2 ला sin चा आलेख माथ्यावर असतो आणि तिथे स्पर्शिका आडवी असते. y = x या रेषेत प्रतिबिंब घेतलं की आडवी रेषा उभी होते.

गुढी उभारताना हे हातालाही जाणवतं. २ मीटर लांबीची कळकाची काठी भिंतीला टेकवा. जमिनीशी होणारा कोन म्हणजे sin⁻¹(वरच्या टोकाची उंची ÷ २). काठी अगदी उभी असताना वरचं टोक फक्त २ सेंटीमीटर खाली आलं, तर गुणोत्तर ०.९९ होतं. तेवढ्यात काठी ८ अंशांहून जास्त कलते आणि खालचं टोक भिंतीपासून २८ सेंटीमीटर पुढं आलेलं असतं. तीच काठी जमिनीवर आडवी ठेवून एक टोक २ सेंटीमीटर उचललं, तर कोन जेमतेम अर्धा अंश बदलतो. म्हणून जवळपास उभ्या काठीचा कोन उंची मोजून काढू नये. टेपची किरकोळ चूक कोनात कितीतरी मोठी होऊन येते. त्यापेक्षा खालचं टोक भिंतीपासून किती लांब आहे ते मोजावं आणि cos⁻¹ वापरावा, कारण शून्याजवळ त्याचा चढ फक्त −1 असतो.

टोकाला डेरिव्हेटिव्ह नसल्यानं लाग्रांजचं मध्यमान प्रमेय लावता येणार नाही असं पुष्कळ मुलांना वाटतं. त्या प्रमेयाला क्लोज्ड इंटरव्हलवर सातत्य लागतं, डेरिव्हेटिव्ह मात्र फक्त आत लागतं. [0, 1] वर sin⁻¹x घ्या. सरासरी चढ π/2. म्हणून 1/√(1−c²) = π/2, म्हणजे c = √(1 − 4/π²), सुमारे ०.७७१. उजव्या टोकाला स्पर्शिका उभी आहे, तरी प्रमेय बिनतक्रार चालतं.

आणि "छेदात शून्य" या कारणाच्या भरवशावर राहिलं की कुठं फसायला होतं ते सांगते. f(x) = sin⁻¹(2x/(1+x²)) हे परीक्षेतलं नेहमीचं गिऱ्हाईक. x = 1 ला आतली राशी नेमकी 1 होते. सूत्राच्या नादानं इथंही उभी स्पर्शिका आहे असं मुलं लिहितात. पण 1 − 2x/(1+x²) = (1−x)²/(1+x²), म्हणजे x हा 1 पासून k अंतरावर असला तर आतली राशी 1 पासून साधारण k²/2 नं कमी असते. वरचाच नियम लावा: θ ≈ √(2 · k²/2) = k. आत झालेला वर्ग बाहेरच्या वर्गमुळानं पुसून टाकला आणि चढ सांत राहिला. x हा −1 ते 1 असताना f(x) = 2tan⁻¹x, म्हणून डावीकडचं डेरिव्हेटिव्ह 1. x > 1 असताना f(x) = π − 2tan⁻¹x, म्हणून उजवीकडचं −1. आलेखाला तिथे टोकदार कोपरा आहे, उभी स्पर्शिका नाही. x = 1 ला डेरिव्हेटिव्ह नाही हे उत्तर इथंही बरोबरच, पण इथं कारण म्हणून दोन बाजूंची ही दोन वेगळी डेरिव्हेटिव्ह लिहायला हवीत.