पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या एका ऐतिहासिक व्यक्तीच्या जुन्या फोटोवर तारीख नाही, मागे फक्त स्टुडिओची छाप आहे. साल कसं काढायचं?

पोशाखावरून फोटो काढल्याचा काळ आणि पुठ्ठ्यावरून प्रत छापल्याचा काळ, असे दोन्ही वेगवेगळे काढा. साधारण सव्वाचार बाय साडेसहा इंची पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो, म्हणजे कॅबिनेट कार्ड, 1866 नंतर रूढ झालं. मागच्या छापेत 1878 च्या प्रदर्शनाचं पदक असेल, तर पुठ्ठा त्याआधीचा नाही. पण फोटोत शेजारी असलेल्या बाईंचा घेरदार क्रिनोलिन झगा 1860 च्या आसपासचा असेल, तर जुन्याच फोटोची ती पुढे काढलेली प्रत समजा. प्रसिद्ध व्यक्तींच्या अशा प्रती वर्षानुवर्षं विकल्या जात. त्याच स्टुडिओच्या तारीख असलेल्या फोटोत मागे हाच रंगवलेला पडदा सापडला, तर अंदाज आणखी पक्का होतो. मात्र वयस्कर माणसं जुन्या पद्धतीचेच कपडे घालत, म्हणून केवळ पोशाखावरून साल ठरवू नका.