झिरो बेस बजेट: पाण्याच्या जारपासून सुरू कर

अरे, झिरो बेस म्हणजे प्रत्येक खर्च शून्यापासून नव्याने मांडायचा, म्हणून मागच्या वर्षीची शीट आधी बंद कर, नाहीतर हात आपोआप १० टक्के वाढवतोच. समजा आपल्या कुपवाड एमआयडीसीतलं ४० माणसांचं ऑफिस, माणशी २ लिटर म्हणजे दिवसाला २० लिटरचे ४ जार, महिन्याचे २५ दिवस धरून १०० जार, ४० रुपयांनी वर्षाला ४८ हजार. आता जुनं बिल काढ, ७२ हजार असेल तर महिन्याला ५० जार जास्त येतायत, मग गेटचं रजिस्टर बघ, सुट्टीचे पण जार लावलेले असतात बरेचदा. पाहुणे, चहा याचं वेगळं लिही, आणि शेजारी प्युरिफायरचा खर्च फिल्टरसकट मांड. भाडं, सिक्युरिटी करार संपेपर्यंत हलत नाही, त्यात डोकं घालू नको.