पिग्मीचं व्याज: वाचकांचे प्रश्न

माझी भाजीची गाडी आहे. पतसंस्थेच्या पिग्मीत वर्षभर रोज 100 रुपये भरले. एजंट 6 टक्के म्हणाला होता. 36,500 वर 2,190 व्हायला हवेत, मिळाले जेमतेम हजार. फसवलं का?

नाही, हिशोब बरोबर आहे. पहिल्या दिवसाचे 100 रुपये वर्षभर राहिले, त्यांना 6 रुपये मिळाले. शेवटच्या दिवशीचे एकच दिवस राहिले, त्यांना दोन पैसेसुद्धा नाहीत. सगळे पैसे मिळून सरासरी अर्धं वर्षच खात्यात होते, म्हणून रोजच्या शिलकेवर व्याज धरलं तरी 1,098 होतं. महिन्यात भरलेल्या पैशांना पुढच्या महिन्यापासून व्याज लावलं, की ते हजारावर येतं. एजंटने दर खरा सांगितला, पण हे समजावून सांगायला हवं होतं.

आता एक करा. मुदत संपल्यावर पिग्मीच्या रकमेवरचं व्याज बऱ्याच ठिकाणी थांबतं. त्याच दिवशी 36,500 मुदत ठेवीत टाका आणि पिग्मी नव्याने सुरू करा. त्या ठेवीला 6 टक्के दर मिळाला, तर तुम्ही काढलेले 2,190 पुढच्या वर्षी खरोखर हातात येतील.

मी फुलं विकते. आमच्या बाजारात एक भाऊ रोज 100 नेतात, महिन्याला एका दिवसाचे स्वतःला ठेवतात. व्याज नाही, पण मागितले की लगेच देतात. तोटा किती?

ताई, वर्षाला 1,200 रुपये. 36,500 मध्ये ते किरकोळ वाटतात, पण वर्षभरात त्यांच्याकडे तुमचे सरासरी 18,300 रुपयेच असतात. त्यावर 1,200 म्हणजे उणे साडेसहा टक्के. हेच पैसे 6 टक्क्यांच्या पिग्मीत असते, तर एकूण फरक 2,200 च्या आसपास पडला असता. शिवाय हातात कागद नाही. नोंदणीशिवाय असा ठेवींचा धंदा करायला 2019 च्या कायद्याने बंदी आहे, त्यामुळे ते उद्या दिसेनासे झाले तर तुमच्याकडे पुरावा काय?

पिग्मीतही लगेच पैसे काढण्याची किंमत असते, तीही विचारून घ्या. सहा महिन्यांच्या आत खातं मोडलं तर अनेक संस्था व्याज देत नाहीत, वर कमिशन कापतात. ते 3 टक्के असेल, तर चार महिन्यांच्या 12,000 मधून 360 जातील. पावसाळ्यात धंदा बसतो हे माहीत असेल, तर रोजची रक्कम आधीच 60-70 धरा.

एजंट मशीनची पावती देतो, पण पासबुक महिनोन्‌महिने भरत नाही. चालेल का?

चालवून घेऊ नका. पावती फाडूनही पैसे दोन-चार दिवस एजंटच्या खिशात राहू शकतात, आणि गैरव्यवहार तिथेच सुरू होतात. दर महिन्याला स्वतः शाखेत जाऊन खातेउतारा घ्या, पावत्यांच्या तारखा जुळवा. शाखेतल्या शिलकेत पावत्यांपेक्षा रक्कम कमी दिसली, तर त्याच दिवशी लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. पाच लाखांपर्यंतचा ठेव विमा बँकांना असतो, सहकारी बँकांनाही, पण पतसंस्थेला नाही. तेव्हा पतसंस्थेत फार मोठी रक्कम साठू न देता ती वेळोवेळी बँकेत हलवा.