घरात सात डिव्हाइस, बाहेर पत्ता एकच: आयपीबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न: मोबाइलच्या वायफाय सेटिंगमध्ये आयपी 192.168.1.5 दिसतो, पण वेबसाइटवर चेक केला तर भलताच नंबर येतो. खरा कुठला? मित्राकडेपण सेम 192.168.1.5 आहे, मग गडबड होत नाही का?

दोन्ही खरे. पहिला तुमच्या राउटरने मोबाइलला दिलाय, तो प्रायव्हेट. दुसरा इंटरनेट कंपनीने तुमच्या राउटरला दिलाय, तो पब्लिक. 192.168 ने सुरू होणारे, 10 ने सुरू होणारे आणि 172.16 ते 172.31 वाले नंबर घरगुती किंवा ऑफिसच्या वापरासाठी बाजूला काढून ठेवलेत, १९९६ पासून हाच नियम आहे, कोणीही न विचारता वापरावेत. बाहेरच्या इंटरनेटवर हे नंबर चालतच नाहीत, त्यामुळे मित्राच्या 192.168.1.5 ची आणि तुमच्या 192.168.1.5 ची कधी गाठच पडत नाही. फ्लॅट नंबर १०१ प्रत्येक सोसायटीत असतोच की.

प्रश्न: घरात सगळ्यांचा बाहेरचा नंबर एकच असेल तर माझी क्रिकेटची साइट माझ्याच मोबाइलवर आणि बायकोची रेसिपी तिच्याच मोबाइलवर बरोबर कशी येते?

मस्त प्रश्न, सगळी गंमत इथेच आहे. प्रत्येक कनेक्शनला आयपीसोबत एक पोर्ट नंबर असतो (जास्तीत जास्त 65535). तुमचा मोबाइल 192.168.1.5, बायकोचा 192.168.1.8, आणि समजा योगायोगाने दोघांनीही 50000 हाच पोर्ट घेतला. राउटर दोघांचाही प्रायव्हेट पत्ता खोडून त्याजागी पब्लिक पत्ता लिहितो, गरज पडली तर पोर्टही बदलतो, आणि कोणाचं काय बदललं ते स्वतःच्या टेबलमध्ये टिपून ठेवतो:

```
192.168.1.5:50000 -> 203.0.113.25:40001
192.168.1.8:50000 -> 203.0.113.25:40002
```

(203.0.113 वाले नंबर फक्त उदाहरणांसाठी राखीव आहेत, तुमचा वेगळा असणार.) क्रिकेटच्या सर्व्हरला तुमचा मोबाइल दिसतच नाही, तो उत्तर पाठवतो 203.0.113.25 च्या 40001 वर, राउटर टेबल बघतो, 40001 म्हणजे 192.168.1.5 वाला मोबाइल, आणि तिकडे ढकलतो. ह्यालाच नॅट म्हणतात. थोडा वेळ काही ये-जा झाली नाही की ती ओळ पुसली जाते.

हा खटाटोप कशाला, तर जुन्या पद्धतीचे आयपी, म्हणजे आयपीव्ही४, एकूण साधारण ४२९ कोटीच आहेत आणि जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपले, त्यामुळे प्रत्येक टीव्ही-मोबाइलला स्वतंत्र पब्लिक नंबर देणार कुठून.

प्रश्न: सीसीटीव्ही बाहेरून बघायला राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केलं, सगळं बरोबर टाकलंय तरी चालत नाही. कॅमेरा खराब आहे का?

कॅमेऱ्याला इतक्यात दोष देऊ नका. वरच्या टेबलमधली ओळ आतून कोणी बाहेर गेलं तरच बनते, बाहेरून अचानक कोणी आलं तर राउटरला कळत नाही कोणाला द्यायचं, तो सरळ टाकून देतो. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे ती ओळ आपण हाताने कायमची लिहून ठेवणं.

पण मी स्वतः सासऱ्यांकडे ह्यात दोन तास घालवलेत. राउटरच्या स्टेटस पेजवर WAN IP, म्हणजे कंपनीने राउटरला दिलेला पत्ता, होता 100.72 ने सुरू होणारा, आणि वेबसाइट दाखवत होती वेगळाच. तिथेच ट्यूब पेटली! 100.64 ते 100.127 हे नंबर इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या नॅटसाठी राखीव आहेत, म्हणजे कंपनीने एकच पब्लिक नंबर अनेक घरांत वाटला होता आणि खरं टेबल होतं त्यांच्याकडे, आपण आपल्या राउटरमध्ये कितीही ओळी लिहा. तुम्हीपण WAN IP आणि वेबसाइटवरचा नंबर जुळतात का बघा. जुळत नसतील किंवा WAN IP पहिल्या उत्तरातल्या प्रायव्हेट नंबरांपैकी असेल तर कंपनीकडे पब्लिक आयपी मागा (बहुतेक वेळा जास्तीचे पैसे पडतात), नाहीतर कॅमेऱ्याचं क्लाउड अॅप वापरा, त्यात कॅमेरा स्वतःच बाहेर कनेक्शन लावून बसतो म्हणून ते चालतं. जुळत असतील तर मात्र फॉरवर्डिंगमध्ये टाकलेला कॅमेऱ्याचा आतला आयपी बदललाय का ते तपासा, राउटर रिस्टार्ट झाल्यावर बरेचदा बदलतो.

प्रश्न: लॅपटॉपवर `ipconfig` मारलं तर 192.168 वाल्याशिवाय 2 ने सुरू होणारा लांबलचक नंबरपण दिसतो, अक्षरं आणि : वाला. तो काय?

तो आयपीव्ही६. त्यात नंबरांची टंचाई नाही, त्यामुळे प्रत्येक डिव्हाइसला आपला स्वतःचा पब्लिक पत्ता मिळतो, नॅट लागत नाही. fe80 ने सुरू होणारा दिसला तर तो वेगळा, तो घराबाहेर जात नाही. आणि पब्लिक पत्ता आहे म्हणून लगेच कोणीही आत शिरेल असं नाही, घरगुती राउटरचा फायरवॉल सहसा बाहेरून न बोलावता आलेलं अडवतोच, फक्त सेटिंगमध्ये तो चालू आहे ना एवढं एकदा बघून घ्या.