लिंबिक सिस्टीम पहिल्यांदा वाचताना

लिंबिक सिस्टीम म्हणजे भावना आणि स्मृती सांभाळणारे मेंदूचे भाग. त्यांची सगळी नावं एका रात्रीत पाठ करू नकोस. आधी एकच वर्तुळ हाताने काढ: हिपोकॅम्पस, तिथून फॉर्निक्समार्गे मॅमिलरी बॉडी, मग थॅलॅमसचं पुढचं केंद्रक, सिंग्युलेट आणि परत हिपोकॅम्पस. हेच पापेझ सर्किट. पापेझने १९३७ साली ते भावनांसाठी मांडलं होतं, पण आज आपल्याला ते जास्त उपयोगी पडतं स्मृतीसाठी. भावनांशी जोडलेला अमिग्डला हा भाग तूर्त बाजूला ठेव.

मग हेन्री मोलेसनची केस वाच. १९५३ साली फिट्स थांबवण्यासाठी त्याच्या दोन्ही बाजूंच्या हिपोकॅम्पसचा मोठा भाग काढला. त्यानंतर नव्या घटना त्याच्या लक्षात राहीनात. बालपण मात्र आठवायचं. आरशात बघून चांदणी गिरवण्यात तो रोज सुधारत गेला, आणि आदल्या दिवशी आपण हे केलंय याचा त्याला पत्ताच नसायचा!

नवशिके इथे हमखास दोन चुका करतात:

- हिपोकॅम्पस म्हणजे आठवणींचं कपाट असं समजतात. तसं असतं तर बालपणही गेलं असतं.
- पेशंटने सात आकडे लगेच म्हणून दाखवले की 'स्मृती नॉर्मल' लिहितात. ते तर मोलेसनलाही जमायचं. तीन शब्द सांग, दुसऱ्या गप्पा मार, पाच मिनिटांनी विचार.

आणि हिपोकॅम्पस शाबूत असूनही विस्मृती दिसली तर वर्तुळाकडे परत ये. कोर्साकॉफ सिंड्रोम या विस्मृतीच्या आजारात थायमिन या जीवनसत्त्वाअभावी मॅमिलरी बॉडी आणि थॅलॅमस बिघडतात. असा पेशंट "सकाळी शेतावर जाऊन आलो" असं बिनदिक्कत सांगतो, आठवडाभर वॉर्डातच असतो. खोटं बोलत नाही तो. रिकामी जागा भरतो.